‘३१ मेपर्यंत’ म्हणजे ३१ धरून की सोडून? सोसायटीच्या दंडावरून वाद

रापणकर: आमच्या मच्छीमार सोसायटीची बोटीमागची वार्षिक वर्गणी ३१ मेपर्यंत भरायची असते, नंतर २०० रुपये दंड. यंदा, म्हणजे २०२५ ला, ३१ मेच्या पहाटे ५:३५ ला ‘मुदत संपली, दंड लागला’ असा मेसेज सदतीस बोटवाल्यांना गेला. १ जूनपासून बंदी, म्हणून निम्मे जण शेवटच्या फेरीवर समुद्रातच होते. संध्याकाळी येऊन भरणार होते. सॉफ्टवेअर माझ्या भाच्याने लिहिलंय आणि तो म्हणतो तारीख बरोबर आहे. ‘३१ पर्यंत’मध्ये ३१ येते की नाही?

तांडेल: येते. ह्यात विचारण्यासारखं काय आहे? जत्रा पौर्णिमेपर्यंत म्हटली तर पौर्णिमेला दुकानं उचलतात का?

कायद्याचा किडा: १८९७ चा जनरल क्लॉजेस अ‍ॅक्ट, कलम ९. ‘पासून’ म्हटलं की पहिला दिवस सोडायचा, ‘पर्यंत’ म्हटलं की शेवटचा धरायचा. दंड बेकायदा आहे, सोसायटीला नोटीस पाठवा.

डोलकाठी: किडेसाहेब, ते कलम कायद्यातले शब्द कसे वाचायचे ते सांगतं. सोसायटीच्या पावतीला ते आपोआप लागू होत नाही. आणि ‘पासून’चं म्हणाल तर मासेमारी बंदी बघा. १ जून ते ३१ जुलै, दोन्ही दिवस धरून, असं स्पष्ट लिहितात म्हणूनच ते ६१ दिवस होतात. तसं लिहिलं नसतं तर १ जूनला जाळं टाकणाऱ्याने तुमचंच कलम पुढे केलं असतं.

रापणकर, मेसेजची वेळच सगळं सांगते आहे. आपलं घड्याळ यूटीसीच्या साडेपाच तास पुढे. सर्व्हर यूटीसीवर असणार आणि रोजची तपासणी रात्री १२:०५ ला लावलेली असणार. तिथले १२:०५ म्हणजे इथले पहाटेचे ५:३५. पण घड्याळ चुकलं म्हणून नुसता मेसेज अवेळी गेला असता, दंड लागला नसता. भाच्याला ती ओळ टाकायला सांगा.

भाचा: मीच तो. पोस्टग्रेस आहे, `due_date` मध्ये नुसती तारीख.

```sql
WHERE paid_at IS NULL
  AND due_date < now()
```

मुदत आत्तापेक्षा मागे गेली असेल तरच पकडतो. यात चूक काय?

डोलकाठी: डाव्या हाताला तारीख, उजव्या हाताला तारीख आणि वेळ. तुलना करायची म्हणून डेटाबेस तारखेला वेळ जोडतो आणि ती असते त्या दिवसाची सुरुवात. म्हणजे तुझी मुदत ३१ मे ००:०० अशी झाली. तपासणी चालली ३१ मे ००:०५ ला. पाच मिनिटं उलटली, दंड. तू लिहिलंस ‘३१ पर्यंत’, यंत्राने वाचलं ‘३१ उजाडायच्या आत’. शेवटचा अख्खा दिवस गिळला.

तांडेल: मग मुदत २३:५९:५९ करा आणि विषय संपवा. माझ्या मुलाच्या कंपनीत तेच करतात.

डोलकाठी: पुष्कळ जण तेच करतात. पण पोस्टग्रेस सेकंदाचे तुकडेही ठेवतो. ११:५९:५९ नंतर अर्ध्या सेकंदाने नोंदलेला भरणा ३१ तारखेचाच असूनही मुदतीबाहेर जातो. फार दुर्मिळ, मान्य. पण ते २३:५९:५९ कुठल्या घड्याळाचे, हा प्रश्न तसाच उरतो. यूटीसीचे असले तर इथे १ जूनचे पहाटेचे साडेपाच वाजायला एक सेकंद बाकी.

भाचा: केलं. `due_date < current_date`. आता दोन्ही बाजूंना तारखाच. ३१ ला गप्प बसतं, १ जूनला पकडतं. झालं.

डोलकाठी: अर्धं झालं. तुझी `current_date` पण यूटीसीची, त्यामुळे आपल्याकडे १ जून उजाडेपर्यंत सर्व्हरवर ३१ च असते. पहाटे दोनला भरणारा सुटेल.

तांडेल: सुटू दे की! आम्ही ३१ ची रात्र म्हणतो ती उजाडेपर्यंत. पंचांगाचा दिवस सूर्योदयाला सुरू होतो, मध्यरात्री नाही. चुकून का होईना, पोराने बरोबर केलंय.

डोलकाठी: 😄 तसं ठरावात लिहा, मी हरकत घेणार नाही. पण मग ‘पहाटे ५:३० पर्यंत’ असं पावतीवर छापा. सर्व्हर कुठल्या घड्याळावर आहे त्यावरून सोसायटीचा नियम ठरता कामा नये. उद्या कोणी ते घड्याळ आपल्या वेळेवर आणलं की तुमची सवलत गुपचूप गायब.

दुसरी गोष्ट, जी मला जास्त खटकते. समजा १ जूनला वादळाने सर्व्हर बंद पडला आणि तपासणी २ जूनला चालली. मधल्या दिवशी भरणाऱ्याचा `paid_at` आता रिकामा नाही, म्हणून तो दंडातून सुटला. शेजाऱ्याने २ ला दुपारी भरले, त्याला दंड. दोघेही उशिराचेच. दंड ठरायला हवा पैसे कधी आले त्यावरून, तपासणी कधी जागी झाली त्यावरून नाही. `paid_at` टाइमझोनसकट ठेवला असेल तर मी असं लिहीन:

```sql
WHERE coalesce(paid_at, now()) >=
  (due_date + 1)::timestamp
  AT TIME ZONE 'Asia/Kolkata'
```

मुदतीच्या दुसऱ्या दिवसाची आपली मध्यरात्र, त्या क्षणापासून उशीर. ३१ चा शेवटचा तुकडासुद्धा आत, १ जून ००:०० बाहेर. तपासणी दोन दिवसांनी चालली तरी उत्तर तेच.

देवगडचा बागायतदार: म्हणजे मुदत १ जून झाली! हेच मला पटत नाही. माझ्या हापूसच्या पेट्यांचं बुकिंग घेणाऱ्या एकाने असंच शेवटची तारीख ‘न धरता’ ठेवली होती. माणसं १ तारीख बघून १ तारखेलाच आली आणि गेटवर माझ्याशी भांडली. शेतकऱ्याला, मच्छीमाराला ३१ कळतं. ३१ च ठेवा.

डोलकाठी: पावतीवर ३१ च, रकान्यातही ३१ च. `+ 1` फक्त तुलनेत आहे, ते कुणाला दिसत नाही. तुमच्याकडे बहुतेक आतला आकडा बाहेर छापला गेला.

आणि दिवस मोजायचे झाले तर हीच पद्धत सोयीची. बंदीचे दिवस यंत्राला ३१ जुलै वजा १ जून असे विचारा, ६० येतात. १ ऑगस्ट वजा १ जून विचारा, ६१.

बागायतदार: ते बरोबर असेल. तरी मी म्हणेन, दुसऱ्या कोणी तो कोड उघडला तर त्याला `+ 1` ही चूक वाटेल आणि तो काढून टाकेल.

डोलकाठी: हा मुद्दा खरा आहे. भाचा, शेजारी एक ओळ लिहून ठेव आणि ३१ मे रात्री ११:५९:५९.९ आणि १ जून ००:००:०० असे दोन खोटे भरणे टाकून बघ. पहिल्याला दंड नको, दुसऱ्याला हवा. सर्व्हरचं घड्याळ बदलून परत बघ.

भाचा: दोन्ही घड्याळांवर बरोबर आलं. सदतीस दंड उलटे केले, माफीचा मेसेज पण पाठवला. पण एक अडलंय. एकाने ११:५८ ला यूपीआय केलं, बँकेकडून आमच्याकडे खबर आली १२:०१ ला. `paid_at` मध्ये खबरीची वेळ पडते.

डोलकाठी: बँकेच्या खबरीत व्यवहाराची वेळ येते, ती घे. भरणाऱ्याच्या हातात तेवढंच असतं.

कायद्याचा किडा: नाही पटत. पैसे सोसायटीच्या खात्यात आले तेव्हा भरले. चेक पेटीत टाकला म्हणजे वटला का?

रापणकर: ह्यावर आमच्या कमिटीतही दोन तट पडलेत. त्यात सेक्रेटरी आठवण करतायत की २०२६ ला ३१ मे रविवारी येतो. ऑफिस बंद, म्हणून रोख भरणाऱ्याला सोमवार द्यायचा असं ते म्हणतात.

कायद्याचा किडा: कलम १०! ऑफिस बंद असेल तर पुढचा उघडा दिवस.

तांडेल: आणि मोबाइलवरून भरणाऱ्याला रविवारीच दंड? माका ह्यातला काय कळणा नाय. पण १ जूनला माझी बोट किनाऱ्यावर ओढलेली असते, मला सोमवार चालेल.