नऊ वर्षांची वॉशिंग मशीन: ५,२०० ची दुरुस्ती की १६,५०० ची नवी?

वैशाली, घाटंजी
आमची टॉप लोड फुल ऑटोमॅटिक, साडेसहा किलोची, नऊ वर्षं झाली. धुते नीट, पण पिळायला लागली की गिट्टी भरडल्यासारखा आवाज येतो आणि खाली थोडं पाणी साचतं. पांढरकवड्याहून मेकॅनिक आला होता. क्लच ३,२००, बेअरिंग-सील ७००, येणंजाणं आणि मजुरी १,३००, असे ५,२०० सांगून गेला. तशीच नवी यवतमाळला १६,५०० ला आहे, जुनी दिली तर १,२०० कमी करतात. घरचे म्हणतात कापूस विकला की नवीच घेऊ. मला एवढा खर्च आत्ता नको वाटतो. काय करावं?

प्रशांत, आर्वी
ताई, सरळ हिशोब आहे. दुरुस्ती नव्याच्या निम्म्यापेक्षा कमी असेल तर दुरुस्त करा, जास्त असेल तर नवी घ्या. तुमची तर एक तृतीयांशच्याही आत आहे. विचार करत बसू नका, करून टाका.

मंगेश, समुद्रपूर
निम्म्याचा हिशोब तीन-चार वर्षांच्या मशीनले ठीक हाये भाऊ. नऊ वर्षांच्या मशीनले काहून लावता? माह्या घरी हेच झालं. आधी क्लच बदलला, चार महिन्यानं बोर्ड गेला, मंग पाण्याचा व्हॉल्व. तीन खेपा झाल्या, साडेआठ हजार गेले आन् शेवटी नवी घ्याच लागली. ताई, घरचे बरोबर सांगून राह्यले.

सुनीता, दर्यापूर
माझी सेमी ऑटोमॅटिक आहे. तिचा पिळायचा ड्रम फिरत नव्हता, नुसता हूं हूं आवाज यायचा. कपॅसिटर बदलला, सगळं मिळून ३५० रुपयांत काम झालं. वैशालीताई, तुम्हीही आधी कपॅसिटर बघायला सांगा, उगाच क्लच कशाला?

रवींद्र, सेलू (वर्धा)
अठरा वर्षं हेच काम करतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सुनीताताई, कपॅसिटर गेला की मोटर हुंकारते, पण फिरत नाही. वैशालीताईंचा ड्रम फिरतो आहे आणि घरघरतो आहे, शिवाय खाली पाणीही येतं. हे सीलचं दुखणं आहे. आधी सील झिजतं, तिथून साबणाचं पाणी झिरपून बेअरिंगमध्ये जातं, ग्रीस धुऊन निघतं आणि बेअरिंग गंजतं. आवाज सगळ्यात शेवटी येतो. म्हणजे मेकॅनिकनं दुखणं बरोबर ओळखलं आहे.

एक खात्री मात्र करून घ्या. प्लग काढून मशीन मागे कलवायची आणि मेकॅनिकला पट्टा उतरवायला लावायचा. मग ड्रम हातानं फिरवायचा. तरीही खरखर लागली तर ती क्लचच्या बेअरिंगची. ड्रम गुळगुळीत फिरला तर दोष मोटरच्या बाजूला असू शकतो, आणि मग ३,२०० चा क्लच बदलून आवाज जाणार नाही.

आता बिलाचं. बऱ्याच टॉप लोडमध्ये क्लचचा अख्खा नग येतो आणि बेअरिंग त्याच्या आतच बसलेलं असतं. तसं तुमच्या मॉडेलला असेल तर वेगळे ७०० कशाचे, हे विचारा. टबाचं सील वेगळं लागत असेल तर त्याचे द्या. वाईट वाटून घेऊ नका, विचारायचा हक्क आहे. जुना क्लच परत मागून घ्या आणि नव्या नगावर किती महिन्यांची हमी, ते बिलावर लिहून घ्या.

प्रशांतभाऊंचा निम्म्याचा नियम अर्धाच कामाचा आहे, कारण त्यात मशीन पुढे किती चालेल हे येत नाही. मी असा हिशोब करतो: नवी १६,५००, जुनीचे १,२०० वजा आणि आपल्याकडे बिना स्टॅबिलायझरचा बोर्ड टिकत नाही म्हणून त्याचे २,०००. झाले १७,३००. आठ वर्षं धरली तर वर्षाला साधारण २,१६०. तुमचे ५,२०० वसूल व्हायला जुनी मशीन जवळपास अडीच वर्षं चालायला पाहिजे. खरा प्रश्न तेवढाच आहे.

मंगेश, समुद्रपूर
रवींद्रभाऊ, स्टॅबिलायझर जुन्याले बी लागते ना? ओलिताच्या दिवसांत संध्याकाळी सारे पंप सुरू झाले की आमच्याकडे बल्ब लाल पडते. मंग ते २,००० नव्याच्याच खात्यात काहून टाकता?

रवींद्र, सेलू (वर्धा)
बरोबर पकडलंत, ते दोन्हीकडे लागतात. ते काढले तर नवी वर्षाला १,९०० च्या आसपास पडते आणि जुनीला पावणेतीन वर्षं चालावं लागतं. ७०० बिलातून सुटले तर तेच सव्वादोन-अडीच वर्षांवर येतं.

प्रशांत, आर्वी
पण आणखी अडीच वर्षं चालेल की नाही, हे आधी कसं कळणार? हे तर ज्योतिष झालं.

रवींद्र, सेलू (वर्धा)
पूर्ण नाही कळत, बऱ्यापैकी कळतं. वरचं झाकण उघडून चार कोपरे बघा. टब चार दांड्यांवर लटकलेला असतो आणि त्या दांड्या बॉडीच्या कोपऱ्यांत अडकवलेल्या असतात. तिथला पत्रा गंजून पापुद्रे सुटत असतील तर क्लचवर एक रुपयाही लावू नका. पिळताना टब आपटतो आणि कोपरा फाटला की मशीन संपली. तसंच टबाला तडा आहे का, तेही बघून घ्या. हे दोन्ही ठीक असतील आणि बोर्ड आजवर उघडावा लागला नसेल, तर माझ्या हातून गेलेल्या अशा मशीन तीन वर्षं सहज चालल्या आहेत. मंगेशभाऊंचा बोर्ड क्लचमुळे गेला नव्हता, तो वेगळा आजार होता.

मंगेश, समुद्रपूर
आजार वेगळा असन, पैसे तं एकाच खिशातून गेले. नऊ वर्षांत बोर्ड बी म्हातारा होतेच. मले अजून पटत नाई.

सुनीता, दर्यापूर
पत्र्याचं खरं आहे. आमचा खारपाणपट्टा, बोअरच्या पाण्यानं लोखंड दोन वर्षांत खाल्लं जातं. माझ्या जावेच्या मशीनचा तळ असाच सडला. म्हणून मी प्लास्टिक बॉडीची सेमीच घेतली. लाइट गेली तर धुतलेले कपडे निदान हातानं काढून पिळता येतात. वैशालीताईंनी नवी घ्यायचीच ठरवली तर सेमीचाही विचार करावा, पैसेही कमी लागतील.

वैशाली, घाटंजी
सगळ्यांचे आभार. सेमी नको सुनीताताई, सासूबाईंना ओले कपडे एका ड्रममधून दुसऱ्यात उचलून टाकणं जमत नाही.

आत्ताच टॉर्च घेऊन बघितलं. टबाला तडा दिसत नाही. तीन कोपरे स्वच्छ आहेत, फक्त मागचा डावा, नळाकडचा, तांबूस झाला आहे. नखानं खरडलं तर रंग निघाला, पण पत्रा कडक लागतो, पापुद्रे नाहीत. मेकॅनिकला फोन केला होता. बेअरिंग क्लचमध्येच येतं, हे त्यानं मान्य केलं. म्हणाला, टबाचं सील २०० ला, म्हणजे सगळे ४,७००. रविवारी येतो म्हणतो.

रवींद्रभाऊ, तो एक कोपरा चालेल का? फोटो उद्या उजेडात काढते.

रवींद्र, सेलू (वर्धा)
फोटो दांडी अडकते त्या भोकाचा काढा, वरच्या काठाचा नको. भोक गोल असेल तर मी दुरुस्ती सांगेन. लांबट झालं असेल तर मंगेशभाऊंचं ऐका.