शब्दचर्चा: 'देय सूट' की 'उपार्जित सूट'?

मृण्मयी: ऑडिटची एक पुस्तिका मराठीत करतेय. ग्राहकाला वर्षभराच्या एकूण खरेदीवर मिळणारी सूट आणि तिची वर्षअखेरीची तरतूद, असं प्रकरण आहे. मी 'देय सूट' लिहिलं होतं, संपादकांनी 'उपार्जित' केलं. फरक पडतो का?

सदानंद: काही पडत नाही. क्रेडिट नोट काढली की सूट देय होते, तेव्हाच ती पुस्तकात येते. सोपा शब्द ठेवा.

खतावणी: सदानंदराव, गडबड तिथेच होते. समजा, योजना बारा महिन्यांची आहे. 10,000 नग उचलले तर पहिल्या नगापासून 5 टक्के सूट. योजनेचे नऊ महिने झाले आणि कंपनीचं वर्ष संपलं. ग्राहकाने 8,200 नग घेतलेत, दर 100. टप्पा गाठलेला नाही, म्हणून आज 'देय' काहीच नाही. पण याच वेगाने तो साधारण 10,900 पर्यंत जाईल. मग 8,20,000 च्या विक्रीवरचे 41,000 याच वर्षाच्या विक्रीतून वजा व्हायला हवेत. आयएफआरएस 15 या लेखा मानकाप्रमाणे अंदाज आत्ताच करायचा असतो. 'देय' वाचून नवखा माणूस असे ग्राहक सरळ गाळेल.

मालवाहू: आम्हाला पुरवठादाराकडून येणारी सूट कधीच वेळेवर येत नाही. तीही उपार्जितच ना?

खतावणी: ती उलटी बाजू. तिथे भीती जास्त दाखवण्याची, इथे कमी दाखवण्याची.

मृण्मयी: पुढे 'तरतुदींच्या यादीतून नमुने निवडून पूर्णता तपासा' असं वाक्य आहे.

खतावणी: मग मूळ वाक्यच चुकलंय. यादीतून निघालात तर यादीत आहे तेवढंच सापडणार. सुरुवात करारांपासून आणि मोठ्या ग्राहकांपासून करा, तिथून तरतुदीपर्यंत या. नंतर नव्या वर्षातल्या पहिल्या काही महिन्यांच्या क्रेडिट नोटा काढा आणि नोटेची तारीख सोडून ती कोणत्या काळातल्या विक्रीची आहे ते बघा. विक्री-प्रतिनिधीने ईमेलवर दिलेला शब्द लेखा विभागाला ठाऊकच नसतो. म्हणून ग्राहकाला थकबाकीच्या रकमेबरोबर योजनेच्या अटीही विचारायच्या.

सदानंद: आणि ग्राहक शेवटच्या तीन महिन्यांत थंडावला तर? तुमचे 41,000 वाया.

खतावणी: खरंय, अंदाज आहे तो. म्हणून मागच्या वर्षीची तरतूद आणि प्रत्यक्षात दिलेली सूट शेजारी ठेवतात. दरवर्षी एकाच बाजूला चुकत असेल, तर विचारायला हवं. तरतूद फुगवून पुढच्या वर्षी नफ्यात सोडणारेही असतात.

मृण्मयी: बरं, 'उपार्जित' ठेवते. दुकानात माल दर्शनी मांडण्यासाठी दिलेले पैसे? तीही सूटच?

खतावणी: वेगळी सेवा खरोखर मिळाली आणि रक्कम तिच्या रास्त किमतीपलीकडे नसेल, तर खर्च. त्यापलीकडची रक्कम, आणि सेवाच नसेल तर सगळी, विक्रीतून वजा. शब्द मात्र मला अजून सापडलेला नाही.

सदानंद: आमच्याकडे सगळ्यालाच 'स्कीम' म्हणतात.