गॅस शेगडीचं तडकलेलं बटण दांडीवरून निघत नाही, मदत हवी आहे

भाकरवाली, जुळे सोलापूर
तीन बर्नरच्या शेगडीचं डावीकडचं बटण तडकलंय. प्लास्टिक नुसतं गरगर फिरतं, आतली दांडी फिरत नाही. काल भाकरी झाल्यावर बटणानं ज्योत विझेना, म्हणून रेग्युलेटर बंद केला, तेव्हा विझली. बटण ओढून निघत नाही, मागं पीठ-तेलाचा काळा थर बसलाय. स्क्रूड्रायव्हर घालून उचकटू का? वरची काच फुटायची भीती वाटते.

सायकलवेडा
गंज काढायचा स्प्रे मागून मारा, रात्रभर राहू द्या.

पक्कड
ताई, स्प्रे नको. तो दांडीवरून कॉकमध्ये उतरतो आणि आतलं ग्रीस धुतो. गॅस बाहेर झिरपू न देण्यात त्या ग्रीसचाही हात असतो.
ज्योत बटणानं विझली नाही, म्हणजे तुमचा कॉक अजून उघडाच आहे. बटणावरची खूण आता काही खरं सांगत नाही. नळीतला गॅस जळून गेला ते बरं झालं. रेग्युलेटर काढून सिलिंडरला टोपी लावा, खिडकी उघडा.
गरम पाण्यात पिळलेलं फडकं बटणाभोवती दहा मिनिटं धरा. मग जाड सुती नाडी बटणाच्या मागून घालून दोन्ही टोकं सरळ स्वतःकडं ओढा. उचकटलं की एका बाजूनं जोर येतो, दांडी वाकते.

शेजारीण
आमचा रेग्युलेटर सिलिंडरवरच अडकला होता, एजन्सीचा माणूस आला तेव्हा निघाला.

पक्कड
ते वेगळं. इथं शेगडीचं बटण आहे.

भाकरवाली
चादरीच्या दश्या वळून दोरी केली. बाहेरचं प्लास्टिक तुकडे होऊन हातात आलं, मधली नळी दांडीवरच!

पक्कड
होतं असं. ती नळी चिरेवरच पकडीनं चावून फोडा. दांडी पिळू नका. आत पत्र्याची छोटी स्प्रिंग असेल, तीही काढा. मग शेजारच्या बंद बर्नरचं बटण काढून दांडीची सपाट बाजू कुठं आहे बघा. तुमची दांडी आत दाबून हलक्या हातानं तशीच करा.

भाकरवाली
निघालं! सपाट बाजू खरंच तिरकी होती. दाबून फिरवली, पण फार जड गेली. रेग्युलेटर लावून दांडीच्या मुळाशी आणि नळीच्या जोडावर साबणाचा फेस लावला, बुडबुडे नाहीत. बर्नरलाही वास नाही. जुने तुकडे घेऊन नव्या पेठेत बटण बघते.

पक्कड
जड कॉकमुळंच बटण तडकलं. नवीनही तडकेल. आधी कॉक सर्व्हिस करून घ्या.

सायकलवेडा
दोन स्क्रू तर असतात, मी घरीच ग्रीस भरतो.

पक्कड
साधं ग्रीस उष्णतेनं पातळ होऊन वाहतं. मी तरी घरी उघडा म्हणणार नाही.

भाकरवाली
मेकॅनिक सोमवारी येतो म्हणालाय. तोवर उरलेल्या दोन बर्नरवर भागवते आणि स्वयंपाक झाला की रेग्युलेटर बंद ठेवते. कॉक बदलायचा म्हणाला तर साधारण किती घेतात?