प्रति: रिपोर्ट नॉर्मल, पण स्मृती नाही

> "एमआरआयमध्ये हिप्पोकॅम्पस नॉर्मल आहे म्हणतात, मग नवीन काहीच लक्षात का राहत नाही?"

कारण हिप्पोकॅम्पस हा नव्या आठवणी घडवणारा मेंदूचा भाग हे काम एकटा करत नाही. त्यातून निघणारा फॉर्निक्स हा तंतूंचा पट्टा मेंदूच्या तळाशी असलेल्या मॅमिलरी बॉडीज या दोन छोट्या गाठींपर्यंत जातो. तिथून संदेश मेंदूच्या मध्यभागी असलेल्या थॅलॅमसच्या पुढच्या भागात आणि सिंग्युलेट कॉर्टेक्स या मेंदूच्या आतल्या बाजूच्या पट्ट्यामार्गे परत हिप्पोकॅम्पसकडे येतात. मेंदूरचनातज्ज्ञ जेम्स पेपेझ यांनी 1937 मध्ये मांडलेलं वर्तुळ ते हेच (त्यांनी मात्र ते भावनांसाठी मांडलं होतं). त्यातले महत्त्वाचे दुवे तुटले, तर हिप्पोकॅम्पस शाबूत असूनही नवी आठवण पक्की होणं अवघड होतं.

कोर्साकॉफ सिंड्रोम या स्मृतीच्या आजारात हे स्पष्ट दिसतं. वर्षानुवर्षांची दारू किंवा न थांबणाऱ्या उलट्या यांमुळे थायमिन, म्हणजे बी1, कमी पडतं आणि मॅमिलरी बॉडीज व थॅलॅमसला इजा होते. अशा रुग्णाला तीन शब्द सांगा, लगेच म्हणून दाखवेल. पाच मिनिटं दुसऱ्या गप्पा मारून विचारा, शब्द सांगितले होते हेही आठवणार नाही. कित्येक दिवस वॉर्डात असूनही "सकाळी ऑफिसला जाऊन आलो" असं ठामपणे सांगेल. तो खोटं बोलत नसतो. रिकामी जागा जुन्या आठवणींनी भरली जाते. घरच्यांनी कृपा करून त्यावर वाद घालू नये.

याआधी बऱ्याचदा थायमिनच्या याच कमतरतेचा, वेर्निके नावाचा तातडीचा टप्पा येतो: गोंधळलेपण, डोळ्यांच्या हालचालीत बिघाड, चालताना तोल जाणं. तिन्ही लक्षणं एकत्र दिसतीलच असं नाही, म्हणून नुसत्या शंकेवरही शिरेतून थायमिन लगेच सुरू करतात. उशीर झाला, तर डोळे बरेचसे सुधारतात, स्मृती मात्र क्वचितच पूर्ण परतते.