अनुभव धागा : भाड्याच्या कराराचं मराठी करताना सुटलेले तीन शब्द

अनघा_फोंडा
काल शेजारची मुलगी करार घेऊन आली, वेर्णाला नोकरी लागलीय, खोली बघितलीय, म्हणाली ताई हे डिपॉझिटचं कलम जरा मराठीत सांग. कागद हातात घेतला आणि पोटात गोळाच आला, कारण तेच वाक्य. वन क्लिअर कॅलेंडर मंथ्स नोटीस इन रायटिंग, ऑर लायसन्स फी इन लियू देअरऑफ.

2016 साली आमच्या आळीत सावंतवाडीकडच्या एक मावशी भाड्याने राहायच्या, डबे द्यायच्या. भाडं 8,000, डिपॉझिट 24,000. त्यांना इंग्रजी येत नव्हतं म्हणून मी वहीच्या पानावर मराठी करून दिलं. क्लिअर, कॅलेंडर आणि लियू हे तीन शब्द मला नीट कळले नाहीत म्हणून सोडूनच दिले. लिहिलं, "सोडायच्या आधी एक महिन्याची लेखी नोटीस द्यावी." मावशींनी ते पान देवाच्या फोटोमागे जपून ठेवलं होतं.

त्यांनी 10 एप्रिलला चिठ्ठी दिली, मालकाची सही घेतली, 10 मेला घर रिकामं केलं. मालक म्हणाले कॅलेंडर मंथ म्हणजे 1 तारखेपासून 31 पर्यंत, तुमची नोटीस मे महिन्याची धरणार. अख्ख्या मेचे 8,000 कापले, रंगाचे 4,500, हातावर ठेवले 11,500. मावशींच्या हिशोबाने मेचे दहा दिवसच द्यायचे होते, म्हणजे अडीच हजाराच्या आसपास, आणि एकवीस हजार तरी परत यायला हवे होते. मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. ते पान मात्र मला परत आणून दिलं, म्हणाल्या तुझं आहे ते. अजून आहे माझ्याकडे.

तुमच्यापैकी कोणी असं कलम मराठीत करून दिलंय किंवा घेतलंय? लिहा.

नीता_डिचोली
अगं वाचूनच वाईट वाटलं. तू तरी लिहून दिलंस, आम्हाला एजंटने नुसतं सही करा सांगितलं होतं 🙁 कुकर लावलाय, येते परत

संदेश_मडगाव
मला लियूनेच मारलं. ऑफिसमधल्या एकाने मराठी सांगितलं होतं "नोटीस आणि एक महिन्याचं भाडं". मी दोन्ही केलं, महिनाभर आधी सांगून त्या महिन्याचं भाडं भरून वर आणखी 11,000 दिले. मालकाने घेतले पण, काही बोलला नाही. नंतर भावोजींनी कागद वाचला, ते म्हणाले अरे दोन्हीपैकी एक होतं.

दशरथ_पेडणे
पण कायद्याने 15 दिवसांची नोटीस पुरते ना? करारात काहीही लिहू दे. आणि 11 महिन्यांचा करार रजिस्टर नसतो म्हणजे त्याला तसा अर्थच नाही.

म्हापशेकर_काका
दशरथ, अर्धं बरोबर आहे तुमचं. मी तीस वर्षं वकिलाच्या ऑफिसात टायपिंग आणि भाषांतर केलं, म्हणून सांगतो. 15 दिवस हे मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या 106 कलमात आहेत, महिन्याच्या भाडेपट्ट्याला, तेही करारात काही वेगळं ठरलं नसेल तर. इथे ठरलंय, शिवाय हे लीव्ह अँड लायसन्स आहे, म्हणजे भाडेपट्टा नाही, नुसती राहायची परवानगी, म्हणून कराराचं वाक्यच बघावं लागतं. आणि नोंदणी सक्तीची होते ती वर्षाच्या वरच्या भाडेपट्ट्याला. 11 महिन्यांचा कागद म्हणून फुकट जात नाही.

आता अनघाताई, तुमच्या तीन शब्दांचं. लियू म्हणजे ऐवजी, ते संदेशच्या अनुभवात आलंच. क्लिअर म्हणजे नोटीस दिली तो दिवस धरायचा नाही आणि मधला महिना पुरा जाऊ द्यायचा. कॅलेंडर मंथ म्हणजे तीस दिवस मोजत बसायचं नाही, तारखेला तारीख लावायची. 10 एप्रिलला दिली तर 11 एप्रिलपासून मोजायचं, 10 मेला महिना भरतो, 11 मेपासून माणूस मोकळा. मालक म्हणत होते तसं 1 ते 31 धरायचं असेल तर "महिन्याच्या अखेरीस संपणारी" असं कलमात लिहावं लागतं. पूर्वी त्या 106 कलमातच भाडेपट्ट्याच्या महिन्याच्या अखेरीस संपणारी असे शब्द होते, 2002 च्या अखेरीस दुरुस्ती झाली तेव्हा गेले. तुमच्या कागदात होते का?

अनघा_फोंडा
नव्हते काका. मला पाठ आहे ते वाक्य. म्हणजे मावशींचंच बरोबर होतं??

म्हापशेकर_काका
माझ्या मते एखाद्या दिवसाचा फरक सोडला तर हो. मालकाचा वकील उलट वाचेल, साध्या बोलण्यात कॅलेंडर महिना म्हणजे जानेवारी, फेब्रुवारी असंच लोक धरतात. पण एवढ्याशा रकमेसाठी कोर्टात कोण जातो, म्हणून ते तसंच राहून जातं.

ॲड_वाळपई
काकांशी पूर्ण सहमत नाही. क्लिअर आणि कॅलेंडर दोन्ही एकत्र आले की मी अशिलाला पूर्ण महिनाच धरायला सांगते, उगाच जोखीम नको. अर्थ दोन निघतात हे मात्र खरं.

शुभदा_साखळी
आमचं घर आजेसासऱ्यांपासून भाटकाराच्या जागेत आहे, आम्ही मुंडकार, आम्हाला पण नोटीस लागू होते का? डिपॉझिट वगैरे काही दिलेलं नाही.

म्हापशेकर_काका
शुभदाताई, मुंडकारांचा 1975 चा कायदा वेगळा, त्यात असं नोटीस देऊन काढता येत नाही. तुमचा विषय निराळा आहे, मामलेदार कचेरीत मुंडकार म्हणून नोंद आहे का ते आधी बघा.

नीता_डिचोली
आले. रंगाचं कुणी बोललं नाही! आमचेही रंगाचे कापले होते. चिऱ्याची भिंत, जुलैत आतून ओल फुटते, कपाटामागे हिरवी बुरशी, हात लावला की गिलाव्याचे पापुद्रे निघतात. ती आम्ही केली का? करारात होतं रिझनेबल वेअर अँड टेअर एक्सेप्टेड. एजंटने सांगितलं "रंग, झीज सगळं धरून घर होतं तसं परत द्यायचं." खरं तर ते नेमकं उलट आहे ना, झीज वगळून?

संदेश_मडगाव
हो, वगळून. आणि ऐकायला ॲक्सेप्टेडसारखं लागतं म्हणून अजून घोळ.

म्हापशेकर_काका
नीता, वगळूनच. पावसाची ओल ही वापराने झालेली नासधूस नाही. राहायला जाताना भिंतींचे फोटो तारखेसकट काढून मालकाला पाठवून ठेवायचे, मग भांडायला काहीतरी हातात असतं.

दशरथ_पेडणे
बरं काका, मग मराठीत लिहायचं कसं? माझी बहीण पर्वरीला बघतेय खोली

म्हापशेकर_काका
मी असं लिहीन : "घर सोडायचं असल्यास लेखी नोटीस द्यावी. नोटीस दिल्याचा दिवस सोडून पुढे एक महिना पूर्ण व्हावा. उदाहरणार्थ, 10 एप्रिलला नोटीस दिल्यास 10 मेपर्यंतचं भाडं देणं लागेल. नोटीस न दिल्यास तिच्याऐवजी एक महिन्याचं भाडं द्यावं, दोन्ही नाही. डिपॉझिट घराचा ताबा देतानाच परत मिळेल." उदाहरणाची तारीख महत्त्वाची. आणि तेवढी ओळ इंग्रजी कागदातही घालून दोघांच्या सह्या घ्यायच्या, कारण शेवटी बऱ्याचदा असतं की वाद झाल्यास इंग्रजी मसुदा ग्राह्य. मग नुसतं मराठीत बरोबर असून काय उपयोग.

ॲड_वाळपई
हे चांगलं आहे. तारखेचं उदाहरण घातलं की माझी हरकत नाही.

प्रिया_कुडचडे
आमच्या करारात महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 लिहिलाय, घर गोव्यात, कुडचड्यात 😳 एजंटने पुण्याचा कुठला तरी मसुदा नाव बदलून दिला वाटतं. अजून सही केली नाही

ॲड_वाळपई
करू नका. आधी ते काढायला लावा.

नीता_डिचोली
अनघा, त्या मावशी आता कुठे असतात ग? डबे देतात का अजून?

अनघा_फोंडा
सावंतवाडीला परत गेल्या, मुलाकडे. चतुर्थीला फोन होतो. काकांनी लिहिलंय ते शेजारच्या मुलीच्या कागदावर तसंच्या तसं उतरवलं, फक्त तारखा बदलल्या. तिचे मालक उद्या संध्याकाळी येणार आहेत सहीला, मी पण जाऊन बसणार आहे.