तीन सिद्धांत आणि एक मोटार

«तुरुंगात न पाठवणे म्हणजे शिक्षाच न देणे, मग प्रतिशोध आणि जरब दोन्ही संपले.»

असहमत. शिक्षेमागे प्रतिशोध, जरब आणि सुधारणा असे तीन सिद्धांत सांगितले जातात, आणि तिन्ही तुरुंगाबाहेरही टिकू शकतात. परभणीकडच्या एका गावातील खटल्यात मी आरोपीचा वकील होतो. वीस वर्षांच्या मुलाने विहिरीवरची पाण्याची मोटार चोरली होती आणि गुन्हा पहिलाच होता. परिवीक्षा म्हणजे दोषीला तुरुंगाऐवजी अटींवर देखरेखीखाली सोडणे; १९५८ च्या परिवीक्षा कायद्याच्या कलम ६ नुसार एकवीस वर्षांखालील अशा आरोपीला कैद द्यायची असेल, तर न्यायालयाला परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवून कैदेची कारणे नोंदवावी लागतात. म्हणजे येथे सुधारणा हा नियम आणि तुरुंग हा अपवाद.

मात्र शेतकऱ्याचा संताप खरा होता, कारण ऐन उन्हाळ्यात त्याचा ऊस वाळला होता, आणि सुधारणावादी मांडणीत ही बाजू बहुधा सुटते. न्यायालयाने मुलाला दोन वर्षांच्या बंधपत्रावर देखरेखीखाली सोडले, पण कलम ५ खाली शेतकऱ्याला भरपाई देण्याचा आदेशही केला. प्रतिशोधातील न्याय्य भाग मला त्यातच दिसतो. जरबही उरलीच, कारण बंधपत्राची अट मोडल्यास कलम ९ प्रमाणे न्यायालय मूळ गुन्ह्याची शिक्षा सुनावू शकते. खरी कमजोरी देखरेखीत आहे: अधिकारी गावात फिरकलाच नाही, तर अट मोडल्याचे न्यायालयाला कळणार कसे?