मदत हवी आहे: फिल्टर कॉफीच्या एका कपात कॅफिन किती?

मृण्मयी_कर्वेनगर
नमस्कार. डॉक्टरांनी कॅफिन दिवसाला 200 मिलीग्रामच्या आत ठेवायला सांगितलंय. मी सकाळी एक कप फिल्टर कॉफी घेते, दुपारी ऑफिसखालच्या कॅफेतली कोल्ड ब्रू आणि संध्याकाळी घरी चहा. नेटवर एका कपाला 40 पासून 180 पर्यंत वाट्टेल ते आकडे दिलेत आणि बहुतेक सगळे अमेरिकन मगाचे. आपल्या फिल्टर कॉफीचा आकडा कुणाला माहीत आहे का? यातलं काय बंद करायचं ते आजच ठरवायचंय, तेव्हा प्लीज लवकर सांगा.

अमृततुल्य_प्रेमी
200 कुठून आलं? मोठ्या निरोगी माणसाला 400 चालतं. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने 2015 साली हाच आकडा दिलाय. तुमच्या तीन कपांनी काही होत नाही, निवांत प्या. मी दिवसाला पाच-सहा चहा घेतो आणि रात्री दहाला गाढ झोपतो.

कँपातला_दळणवाला
ताई, कपावरून काही सांगता येणार नाही. कोणती पावडर, चिकोरी किती टक्के, एका वेळी फिल्टरमध्ये किती पावडर घालता आणि ते डिकॉक्शन किती जणांत जातं, एवढं सांगा. आमचा कॉफी भाजून दळून द्यायचा धंदा आहे. एकाच दुकानातून पावडर नेणाऱ्या दोन घरांत एका कपातलं कॅफिन दुपटीने वेगळं असू शकतं.

सुहास_जोशी_निगडी
फिल्टर पितळी आहे की स्टीलचा? डिकॉक्शन खाली उतरत नसेल तर वरच्या भांड्याची भोकं बुजलेली असतात. गरम पाण्यात लिंबू पिळून तासभर भिजत ठेवा आणि बारीक सुईने एकेक भोक मोकळं करा. पावडर फार दाबू नका.

मृण्मयी_कर्वेनगर
सुहासजी, फिल्टर व्यवस्थित चालतोय, प्रश्न कॅफिनचा आहे.
दळणवाला, पाकिटावर कॉफी 80 टक्के, चिकोरी 20 टक्के असं लिहिलंय. पावडर तीन चमचे घालते. एवढ्यावरून सांगता येईल ना?

कँपातला_दळणवाला
चमचा सपाट की शीग लावलेला? घरात वजनकाटा असेल तर ग्रॅममध्ये सांगा. आणि कॉफी कोणती हे दुकानदाराला विचारा. अरेबिकाच्या दाण्यात साधारण 1.2 टक्के कॅफिन असतं, रोबस्टात 2.2 च्या आसपास. सगळा फरक तिथेच पडतो.

ओंकार_फिटनेस
सगळ्यात कडक एस्प्रेसो, त्याखाली फिल्टर, त्याखाली इन्स्टंट आणि सगळ्यात कमी कोल्ड ब्रूत, कारण थंड पाण्यात कॅफिन सुटत नाही. म्हणून कोल्ड ब्रू चालू ठेवा आणि फिल्टर बंद करा. आणि पीबेरी घेत असाल तर आधी बदला, तिच्यात कॅफिन डबल असतं.

कँपातला_दळणवाला
ओंकार, एस्प्रेसो कडक लागते ती घट्ट असते म्हणून. थेंबागणिक कॅफिन तिच्यात जास्त, हे बरोबर. पण एक शॉट 30 मिलीचा आणि त्यात कॅफिन 60 ते 75 मिलीग्राम. घरच्या फिल्टर कॉफीचा एक पेला सहज त्याच्या पुढे जातो.

कोल्ड ब्रूचं मात्र नेमकं उलटं आहे. पाणी थंड असलं तरी पावडर बारा ते सोळा तास त्यात भिजते, तेवढ्या वेळात बहुतेक कॅफिन उतरतं. शिवाय पावडर भरपूर घालावी लागते. लिटरभर पाण्याला 100 ग्रॅम अरेबिका घातली तर पावडरीत सुमारे 1200 मिलीग्राम कॅफिन असतं. चोथा बरंच पाणी धरून ठेवतो, ते वजा केलं तरी गाळलेल्या कॉफीचा 250 मिलीचा पेला 200 च्या पुढे जातो. कॅफे त्यात किती पाणी किंवा बर्फ घालतो त्यावर हा आकडा खाली येतो, पण ते प्रमाण आपल्याला दिसत नाही. कडवटपणा कमी असल्याने ती सौम्य वाटते आणि माणूस मोठा ग्लास संपवतो.

पीबेरी म्हणजे फळात दोनाऐवजी एकच गोल दाणा. अरेबिकाचीही असते, रोबस्टाचीही. त्यावरून कॅफिन ठरत नाही.

ओंकार_फिटनेस
मी कोल्ड ब्रू घेतो तेव्हा मला धडधड होत नाही, फिल्टरने होते. स्वतःच्या शरीराचा अनुभव खोटा कसा म्हणू?

कँपातला_दळणवाला
अनुभव खोटा नाही म्हणत मी. ग्लासभर गार कॉफी तुम्ही तासभर घोट घोट पीत असाल आणि फिल्टर कॉफी दोन मिनिटांत संपवत असाल, तर फरक जाणवेलच.

मृण्मयी_कर्वेनगर
काट्यावर मोजलं. तीन चमचे म्हणजे 24 ग्रॅम, शीग लावलेलेच आहेत. दुकानात फोन केला तर म्हणाले प्लांटेशन आणि रोबस्टा चेरी निम्मी-निम्मी. डिकॉक्शन साधारण 100 मिली उतरतं, अर्धं मी घेते, अर्धं नवरा.

कँपातला_दळणवाला
छान, आता हिशेब होतो. 24 ग्रॅममधली 80 टक्के कॉफी म्हणजे 19 ग्रॅम. चिकोरीत कॅफिन नसतं. प्लांटेशन म्हणजे धुऊन तयार केलेली अरेबिका आणि रोबस्टा चेरी म्हणजे फळासकट वाळवलेली रोबस्टा. निम्मी-निम्मी असल्यामुळे सरासरी 1.7 टक्के धरू. 19 ग्रॅमला सव्वातीनशे मिलीग्राम झाले. पहिल्या पाण्यात सगळं उतरत नाही, ऐंशी टक्के धरा, म्हणजे 260. त्यातलं अर्धं तुमच्या पेल्यात, 130.

हीच पावडर नुसत्या अरेबिकाची असती तर 90 आली असती आणि नुसत्या रोबस्टाची असती तर 170. नेटवर आकडे इतके वेगळे दिसतात त्याचं कारण हेच. माझा आकडा पाच-पंचवीसने इकडेतिकडे होईल, कारण दाणा पिकागणिक बदलतो. दूध कमी-जास्त घातल्याने काही फरक पडत नाही, डिकॉक्शन किती घेतलं ते मोजायचं.

अमृततुल्य_प्रेमी
130 आणि वर चहा, म्हणजे दोनशेच्या आत. आणि मर्यादा मुळात 400 आहे, हे मी पुन्हा सांगतो. उगाच घाबरवू नका त्यांना.

वैशाली_फडके
मृण्मयी, एक विचारू? डॉक्टरांनी 200 का सांगितलं? बीपी आहे, धडधड होते, की दिवस गेलेत? त्यावर पुढचं सगळं अवलंबून आहे गं.

मृण्मयी_कर्वेनगर
पाचवा महिना चालू आहे. 200 म्हटल्यावर कळेल असं वाटलं होतं. डिंकाचे लाडू आणि पपई यांवर चर्चा नको होती, म्हणून लिहिलं नाही.

वैशाली_फडके
अभिनंदन! लाडवांबद्दल एक शब्द काढत नाही. मी आहारतज्ज्ञ आहे. अमृततुल्य, तुमचा 400 चा आकडा इथे लागू नाही. त्याच युरोपीय अहवालात गरोदर स्त्रियांसाठी 200 दिलाय. एरवी शरीरातलं निम्मं कॅफिन पाचेक तासांत निघून जातं. गरोदरपणात हा वेळ वाढत जातो आणि शेवटच्या तीन महिन्यांत दहा तासांच्याही वर जातो. सकाळचा कप रात्रीही अंगात असतो. ते वारेतून बाळापर्यंत पोचतं आणि बाळाला ते पचवता येत नाही. जास्त कॅफिनचा संबंध बाळाचं वजन कमी भरण्याशी दिसलाय, म्हणून ही मर्यादा.

आता दुसरं. आयर्नची गोळी कधी घेतेस? चहा-कॉफीमुळे लोह नीट शोषलं जात नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 च्या आहारसूचनांत जेवणाच्या आधी आणि नंतर किमान एक तास चहा-कॉफी टाळायला सांगितलंय. गोळीलाही तेच अंतर ठेव.

अमृततुल्य_प्रेमी
आधी सांगितलं असतं तर मी 400 म्हणालोच नसतो. पण जागतिक आरोग्य संघटना गरोदरपणातही 300 च्या वर असेल तरच कमी करा म्हणते. मग 200 खरं की 300?

वैशाली_फडके
दोन्ही आकडे आहेत. काही संशोधक तर 200 सुद्धा जास्त म्हणतात. तिच्या डॉक्टरांनी 200 सांगितलंय, तिने ते धरावं. मी कोल्ड ब्रू आजच थांबवायला सांगेन, कारण तिथे मोजायला काही हातात नाही.

रेवती_पाषाण
मी माझ्या वेळी सगळं एकदम बंद केलं होतं. तूही तेच कर, हिशेबच नको.

वैशाली_फडके
रेवती, एकदम बंद केलं की बऱ्याच जणींचं दुसऱ्या दिवशी डोकं ठणकतं, कधी आठवडाभर. मग घरातली डोकेदुखीची गोळी घेतली जाते आणि अशा काही गोळ्यांत कॅफिनच असतं. स्ट्रिपवर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. या काळात कोणतीही गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच. दर दोन-तीन दिवसांनी पाव भाग कमी केला की त्रास होत नाही.

रेवती_पाषाण
माझं डोकं नव्हतं दुखलं. पण ठीक आहे, प्रत्येकीचं वेगळं.

मृण्मयी_कर्वेनगर
कोल्ड ब्रू बंद. पण दुपारी चारला काहीतरी लागतंच, मीटिंग असतात. आणि संध्याकाळच्या चहाचे किती धरू?

कँपातला_दळणवाला
चहाचे 50 धरा. फार उकळलेला, जास्त पत्तीचा असेल तर 60. सकाळचे 130 मिळवून तुम्ही 180-190 वर जाता, म्हणजे दुपारी जागा उरत नाही. दोन गोष्टी करता येतील. दुकानात पुढच्या वेळी 60-40 मागा आणि त्यातली कॉफी नुसती प्लांटेशन ठेवायला सांगा. तेवढ्याच 24 ग्रॅममध्ये मग कॉफी 14 ग्रॅम, कॅफिन 170 आणि तुमच्या पेल्यात 70 येईल. चिकोरीमुळे रंग आणि घट्टपणा टिकतो, रोबस्टाचा कडकपणा मात्र जाईल.

दुसरं म्हणजे, सकाळचा चोथा फेकू नका. त्याच्यावर पुन्हा उकळतं पाणी घालून दुसरं डिकॉक्शन काढा आणि फ्रीजमध्ये ठेवा. आमच्याकडे संध्याकाळची कॉफी अशीच होते. तुमच्या आत्ताच्या पावडरीवर त्याच्या एका कपात वीस-पंचवीसच मिलीग्राम येतील. पातळ लागते, म्हणून पाणी कमी घाला. बाटलीत भरून ऑफिसला नेता येईल.

सुहास_जोशी_निगडी
दुसऱ्या डिकॉक्शनला पावडर घट्ट बसलेली असते, चमच्याने वरचा थर सैल करून मग पाणी घाला. नाहीतर उतरायला दोन तास लागतील.

वैशाली_फडके
चिकोरी गरोदरपणात 40 टक्क्यांपर्यंत वाढवायची की नाही, हे मी इथे सांगणार नाही. काही डॉक्टर नको म्हणतात. तपासणीला जाशील तेव्हा विचार. तोवर पावडर आहे तीच ठेव आणि 24 ऐवजी 18 ग्रॅम घाल, तुझ्या पेल्यात शंभरच्या आत येईल.

मृण्मयी_कर्वेनगर
हे पटलं. 18 ग्रॅम, दुपारी दुसरं डिकॉक्शन आणि संध्याकाळी चहा. साधारण 170 होतात. आयर्न मी नाश्त्यानंतर लगेच घेते आणि कॉफीही तेव्हाच, ते उद्यापासून वेगळं करते. नवऱ्याला सकाळची पातळ कॉफी चालणार नाही, त्याचा फिल्टर वेगळा, म्हणजे माझ्या फिल्टरमध्ये 18 च्या निम्मी, 9 ग्रॅमच पावडर.

ओंकार_फिटनेस
दळणवाला, एक राहिलं. जिमच्या आधी दोन चमचे इन्स्टंट घेतो, त्यात किती?

कँपातला_दळणवाला
चमचा सपाट की शीग लावलेला? आणि बाटलीवर चिकोरी लिहिलीय का ते बघून सांगा.